शून्याच्या किती जवळ जायचे?

x शून्याकडे जात असताना (1 − cos x)/x² कशाकडे जाते, हा प्रश्न अकरावी-बारावीच्या गणितात येतोच. उत्तर १/२. दोन ओळींत सिद्ध होते, म्हणून कोणाची तक्रार नसते. पण हल्ली विद्यार्थ्याला सांगितले जाते की उत्तर ताडूनही पाहा: x च्या जागी ०.१, ०.०१, ०.००१ अशा लहान होत जाणाऱ्या संख्या घाला, कॅल्क्युलेटरवर किंमती काढा आणि त्या कुठे निघाल्या आहेत ते बघा. सूचना चांगली आहे, आणि तिच्यातच या पुस्तकाचा विषय दडलेला आहे.

समजा आपला कॅल्क्युलेटर दर पायरीला बरोबर दहा सार्थ अंक ठेवतो आणि बाकीचे गोल करून टाकतो. x = ०.१ ठेवले की ०.४९९५८३४७ येते. ०.०१ ला ०.४९९९९६. ०.००१ ला थेट ०.५, ०.०००१ लाही ०.५. इथवर सगळे सुरळीत. आता आणखी एक पाऊल पुढे, ०.००००१. उत्तर येते शून्य. ०.०००००१ लाही शून्य, आणि त्यापुढे कितीही जवळ गेले तरी शून्यच. विद्यार्थी गोंधळतो. लिमिट म्हणजे जितके जवळ जाऊ तितके उत्तर पक्के होत जाणार, असे त्याला शिकवलेले असते. मग सर्वांत जवळच्या किंमतीवर विश्वास ठेवायचा, की तिच्या आधीच्या?

मधल्या किंमती पाहिल्या तर गोंधळ वाढतो. ०.००००२ ला उत्तर ०.५, ०.००००१५ ला ०.४४४४, ०.००००१२ ला ०.६९४४ आणि ०.००००१ ला ०. फलन तेच, x शून्याच्या जवळ सरकतो आहे, आणि उत्तर खाली-वर उड्या मारते आहे. कोरी पाटी घेऊन बसलेला माणूस म्हणेल की या फलनाला लिमिटच नाही. दहाच्या घातांच्या किंमती घेतल्या तेव्हा या उड्या दिसल्याच नव्हत्या. १ हा अंक आणि त्यामागचे शून्य दशमान यंत्रात फार सोयीने बसतात, त्यामुळे ०.००१ आणि ०.०००१ ला आलेले ते चकचकीत ०.५ हा निव्वळ योगायोग होता. मला तर हा योगायोग चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो, कारण तो विश्वास बसवतो.

आत काय घडले ते एकाच किंमतीवर सावकाश बघू. x = ०.००००१२ असेल तर cos x ची खरी किंमत ०.९९९९९९९९९९२८ आहे, म्हणजे १ मधून सुमारे ०.००००००००००७२ वजा. यंत्राकडे दहा घरे. म्हणून ते ०.९९९९९९९९९९ लिहून ठेवते. दहा अंकी यंत्राकडून यापेक्षा चांगल्या cos ची अपेक्षा करता येत नाही. ही किंमत शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक गोल केलेली आहे. आता १ मधून ती वजा केली की ०.०००००००००१ येते. हे सगळे अंक दहाव्या ते बाराव्या घरात आहेत, आणि इतकी शून्ये डोळ्यांना फसवतात. म्हणून घातांकात लिहू. खरी वजाबाकी 7.2 × 10⁻¹¹, यंत्राची 1 × 10⁻¹⁰. भागाकार x² ने, म्हणजे 1.44 × 10⁻¹⁰ ने. म्हणून खरे उत्तर ०.५ आणि यंत्राचे ०.६९४४.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की वजाबाकीने काहीही चूक केलेली नाही. १ वजा ०.९९९९९९९९९९ म्हणजे बरोबर 10⁻¹⁰, त्यात गोल करण्यासारखे काही उरत नाही. पाठ्यपुस्तके ‘जवळजवळ सारख्या संख्या वजा करू नका’ असे बजावतात आणि वाचक वजाबाकीलाच गुन्हेगार समजतो. चूक आधीच, cos लिहून ठेवताना झाली होती. त्या वेळी ती इतकी क्षुल्लक होती की कोणी विचारलेही नसते. वजाबाकीने पुढचे नऊ ९ काढून टाकले आणि मागची धूळ उघडी पडली. मग x² च्या चिमुकल्या भाजकाने तीच धूळ डोंगराएवढी केली. मालाने भरलेल्या ट्रकचे वजन काट्यावर करायचे, मग पुढे टांगलेले लिंबू-मिरची काढून पुन्हा करायचे आणि दोन वजनांच्या फरकातून लिंबाचे वजन सांगायचे, तसा हा प्रकार आहे. काटा बिघडलेला नसतो, तो दहा किलोच्या टप्प्याने वाचतो इतकेच.

खऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये दाखवतात त्यापेक्षा काही अंक जास्त आत धरलेले असतात, म्हणून वरच्या किंमती तुमच्या यंत्रावर तंतोतंत येणार नाहीत. घसरण तीच, फक्त थोडी पुढे होते. संगणकावर आणि आलेख काढणाऱ्या बहुतेक साधनांत संख्या ‘डबल प्रिसिजन’ नावाच्या साच्यात ठेवतात. तो द्विमान पद्धतीचा ५३ बिटांचा साचा आहे. दशमानात सांगायचे तर सुमारे सोळा अंक. तिथे ही कथा कशी चालते ते बघण्यासाठी तीन ओळी पुरतात:

```python
from math import cos, sin
for x in (1e-4, 1e-6, 1e-7, 1.1e-8, 1e-8):
    print(x, (1 - cos(x))/x**2, 2*(sin(x/2)/x)**2)
```

मधल्या स्तंभात अनुक्रमे सुमारे ०.४९९९९९९९७, ०.५०००४४, ०.४९९६०, ०.९१७५ आणि ० येते. शेवटचा स्तंभ पहिल्या ओळीपासून ०.५ ला चिकटून राहतो. दोन्ही स्तंभांतली सूत्रे बीजगणिताच्या दृष्टीने एकच आहेत, कारण 1 − cos x = 2 sin²(x/2). कागदावर दोहोंत फरक नाही आणि यंत्रावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, या एका वाक्याभोवती संख्यात्मक गणिताची मोठी शाखा उभी आहे.

यंत्राची ही मर्यादा कुठे असते याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटते की यंत्राला फार लहान संख्या कळत नाहीत. उलट, शून्याजवळ डबल प्रिसिजनची नजर कमालीची बारीक आहे. 10⁻³⁰⁰ सारखी संख्याही ती सोळा अंकांनिशी धरते. तिची नजर जाडीभरडी आहे ती १ जवळ. १ च्या लगेच खाली जी संख्या तिला ठाऊक आहे ती सुमारे 1.11 × 10⁻¹⁶ इतकी दूर आहे. मधले काहीही असेल तर ते या दोघींपैकी एकीवर ढकलले जाते. म्हणून (sin x)/x हे गुणोत्तर, तेही ०/० च, x = 10⁻³⁰⁰ ला सुद्धा मुकाट्याने १ देते. तिथे १ च्या शेजारी कोणी जात नाही. ज्या विद्यार्थ्याला (sin x)/x ने ०.०१७४५ दिले आहे, त्याने राउंडिंगला दोष न देता कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवर आहे का ते पाहावे.

१ च्या खाली 1.11 × 10⁻¹⁶ चे अंतर आहे, त्याला u म्हणू. हे कळले की वरची उड्यांची मालिका हाताने काढता येते. x²/2 हे u च्या निम्म्याहून कमी असेल तोवर cos x गोल होऊन १ च होतो आणि उत्तर शून्य. निम्मे ओलांडले, म्हणजे x² ने u ओलांडले, की cos एकदम एक पायरी खाली उतरतो, वजाबाकी u होते, आणि u भागिले u म्हणजे १. म्हणून x सुमारे 1.054 × 10⁻⁸ असताना उत्तर शून्यावरून थेट १ वर उडी घेते. पुढे cos काही काळ त्याच पायरीवर बसून राहतो, x² मात्र वाढत असतो, म्हणून उत्तर घसरत जाते; x² = 3u होईपर्यंत ते १/३ वर येते. तिथे दुसरी पायरी: वजाबाकी 2u, उत्तर २/३. ते घसरून २/५. मग ३/५ वर उडी, घसरून ३/७. मग ४/७.

आलेख काढणाऱ्या साधनात x-अक्ष 10⁻⁸ च्या आसपास इतका मोठा करून पाहिला तर हीच आकृती दिसते: मध्ये शून्यावर सपाट पट्टी, दोन्ही बाजूंना करवतीचे दात, आणि दूर जाताना दात बारीक होत १/२ च्या रेषेत मिसळलेले. ज्याला कारण ठाऊक नाही त्याला ही फलनाचीच खोल रचना वाटते. झूम केल्यावर दिसले म्हणजे ते तिथे असणारच, अशी सवय आपल्याला नकाशांनी आणि फोटोंनी लावली आहे. पण हे दात फलनाचे नाहीत. ते १ च्या शेजारच्या द्विमान संख्यांचे चित्र आहे. वरून आलेखाचे साधन काही ठराविक बिंदूंवरच किंमती काढते आणि त्यांना रेषांनी जोडते, त्यामुळे दातांचा आकारही तुमच्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलतो. दोन फोनांवर दोन वेगळे ‘आलेख’ दिसू शकतात.

मग जवळ जायचे तरी किती? दोन चुका एकमेकींविरुद्ध ओढत असतात. x मोठा असला तर फलन अजून लिमिटपर्यंत पोचलेलेच नसते. आपल्या उदाहरणात ती तफावत सुमारे x²/24. x लहान असला तर राउंडिंगची चूक, जास्तीत जास्त u/2 भागिले x². पहिली x बरोबर कमी होते, दुसरी वाढते, आणि x दहापट लहान केला की ती शंभरपट होते. दोन्ही सारख्या होतील तिथे सर्वांत चांगले उत्तर. डबल प्रिसिजनसाठी हा बिंदू ०.०००२ च्या जवळपास येतो आणि तिथे सुमारे आठ-नऊ अंक बरोबर मिळतात. दहा अंकी यंत्रासाठी तो ०.००६ आहे! शून्याला भेटायला निघालेल्या माणसाने ०.००६ वरच थांबावे, हे कोणालाही पटायला जड जाते. पण त्यापुढचे प्रत्येक पाऊल आपल्याला लिमिटपासून दूर नेण्याचा धोका पत्करून टाकलेले असते. (याचा अर्थ ०.००६ नंतरचे प्रत्येक उत्तर चुकीचेच येते असा नाही, ते आपण ०.००१ ला पाहिलेच. अर्थ इतकाच की ते बरोबर असल्याची हमी कमी होत जाते.)

हा त्रास संगणकाबरोबर आला असे समजण्याचे कारण नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये दिलेल्या ज्यांच्या कोष्टकात त्रिज्या ३४३८ धरली आहे आणि ९० अंशांचे २४ भाग केले आहेत. लागोपाठच्या ज्यांमधले फरक २२५, २२४, २२२ असे उतरत जाऊन शेवटचा फरक ७ येतो. म्हणजे ८६ अंश १५ कलांची ज्या ३४३१, आणि पहिल्या भागाची उत्क्रमज्या, म्हणजे आजच्या भाषेत त्रिज्या गुणिले (1 − cos x), ३४३८ वजा ३४३१ बरोबर ७. खरी किंमत ७.३६ च्या आसपास आहे. ३४३१ मध्ये चूक दहा हजारात एक एवढीच. ती वजाबाकीतून बाहेर आली तेव्हा वीसात एक झाली. त्या ७ वरून आपले गुणोत्तर काढले तर ते ०.४७५ भरते. ज्योतिषाच्या कामाला एका कलेच्या आतली चूक चालत होती, तेव्हा कोष्टकाला नावे ठेवण्यासारखे काही नाही. मात्र कुठल्या कामाला किती चूक चालते, हा प्रश्न तेव्हाही होता.

बारावीच्या परीक्षेत आजही जे चार अंकी लॉग टेबल चालते आणि कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यातही हाच खेळ आहे. cos १° ची नोंद ०.९९९८. एक अंश म्हणजे ०.०१७४५ रेडियन. ०.०००२ ला ०.०००३०४६ ने भागा: ०.६५७. कोष्टक छापणाऱ्यांना हे ठाऊक होते. समुद्रावर जवळच्या दोन ठिकाणांमधले अंतर cos च्या सूत्राने काढले की अंक गळून जातात, म्हणून नाविकांसाठी (1 − cos x)/2 ची वेगळी कोष्टके छापली जात, हॅवरसाइनची. गणिताच्या दृष्टीने ती फाजील, कारण cos चे कोष्टक हाताशी असताना ती वजाबाकीनेच मिळतात. तरीही छापली जात, कारण वजाबाकी करून मिळणाऱ्या किंमतीत अंक उरत नसत.

सिद्धान्ताच्या बाजूने मात्र या सगळ्याकडे काणाडोळा करणे रास्तच होते. कोशीने १८२१ मध्ये आणि पुढे वायरश्ट्रासने लिमिटला जो पक्का पाया दिला त्यात ‘कितीही लहान’ हे शब्द अक्षरशः घ्यायचे आहेत. एप्सिलॉन कोणी 10⁻⁵⁰ मागितला तरी डेल्टा देता आला पाहिजे. तिथे अंकांची घरे संपत नाहीत. यंत्रावर ती संपतात, आणि म्हणून यंत्रावर खऱ्या अर्थाने लिमिट नसतेच. असतो तो मर्यादित संख्यांचा एक जाडसर जाळीदार संच, ज्यात शून्याकडे जाणारी प्रत्येक वाट कुठेतरी तुटते. हा फरक नीट समजण्यासाठी यंत्रे यावी लागली.

१९४७ मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांनी, आणि १९४८ मध्ये ॲलन ट्युरिंगने, मोठ्या सारण्यांच्या गणितात राउंडिंगची चूक किती साचेल याचा हिशेब मांडला. तेव्हाची भीती अशी होती की हजारो पायऱ्यांत साचलेली चूक सगळे उत्तर गिळून टाकेल. प्रत्यक्षात यंत्रे बरीच बरी निघाली. इंग्लंडमध्ये जेम्स विल्किन्सन याने यामागचे कारण दाखवले. त्याचे १९६३ चे पुस्तक या क्षेत्राचा आधार मानले जाते. त्याची दृष्टी उलटी होती: उत्तर किती चुकले हे विचारण्याऐवजी, हे उत्तर कोणत्या शेजारच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे, असे विचारा. आपल्या उदाहरणात यंत्राने काढलेला cos x हा x च्या शेजारच्याच एखाद्या कोनाचा बरोबर cos आहे. पुढचे सूत्र शेजारच्या कोनाला किती अंगाला लावून घेते, यावर सगळे अवलंबून. शून्याजवळ cos ची एक पायरी म्हणजे कोनाच्या दृष्टीने मोठे अंतर असते, आणि तिथेच सूत्र मोडते.

विल्यम काहान हा या क्षेत्रातला दुसरा मोठा माणूस, आणि त्याचा संबंध थेट कॅल्क्युलेटरशी आहे. एचपीच्या कॅल्क्युलेटरांच्या अंकगणितावर त्याने काम केले आणि १९८५ मध्ये ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकामागे त्याचाच मुख्य हात होता. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या पद्धतीने गोल करत असे. मानकामुळे चुका नाहीशा झाल्या नाहीत. त्या सगळीकडे सारख्या झाल्या, आणि सारखी चूक अभ्यासता येते. वर मी करवतीचे दात १, १/३, २/३, २/५ असे हाताने सांगू शकलो ते याच शिस्तीच्या जोरावर.

काहानची एक युक्ती मला या विषयाचा सर्वांत सुंदर नमुना वाटते. (eˣ − 1)/x चे लिमिट १. डबल प्रिसिजनमध्ये x = 10⁻¹⁵ घेतले की eˣ गोल होऊन जवळच्या पायरीवर बसतो, त्यातून १ गेला की 1.11 × 10⁻¹⁵ उरते, आणि उत्तर १.११ येते. काहान म्हणतो, गोल झालेल्या eˣ ला y म्हणा आणि x ने भागण्याऐवजी ln y ने भागा. y चुकीचा आहे, म्हणून y − 1 चुकीचा आणि ln y सुद्धा x पेक्षा वेगळा. पण दोन्ही एकाच चुकीच्या y चे आहेत. भागाकार १ येतो, जवळपास सगळ्या अंकांनिशी. (y नेमका १ च झाला तर उत्तर १ धरायचे, एवढी एक अट.) विल्किन्सनची उलटी दृष्टी इथे हातात धरता येण्याइतकी स्पष्ट दिसते: आपण शेजारच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर काढले, आणि लिमिटजवळ शेजाऱ्याचे उत्तर आणि आपले उत्तर एकच असते.

या परंपरेला मी सूत्रे बदलून घेणाऱ्यांची परंपरा म्हणतो. तिच्या जोडीला आणखी दोन आहेत. रॅमन मूरच्या १९६६ च्या पुस्तकापासून रुजलेली अंतराल-गणिताची शाखा प्रत्येक संख्येऐवजी खालची आणि वरची अशी दोन टोके धरून चालते. x = 10⁻⁸ ला ती म्हणेल की उत्तर ० आणि १.११ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. उत्तर निरुपयोगी, पण प्रामाणिक. शून्य हे पोकळ उत्तर ठामपणे सांगण्यापेक्षा कधीही बरे. तिसरी परंपरा अंक तोडायलाच नकार देते. चिन्हांवर काम करणाऱ्या प्रणाली cos x ची मालिका मांडून १/२ काढतात. अँड्रॉइड फोनवरच्या गूगलच्या कॅल्क्युलेटरसाठी हान्स बोहम याने वेगळा मार्ग घेतला: संख्या म्हणजे ‘मागाल तितके अंक काढून देणारी कृती’. त्यावर १ मधून cos(10⁻⁸) वजा केले तर शून्य येत नाही. मोल असे की अशा दोन संख्या अगदी सारख्या आहेत का, हा साधा प्रश्न सर्वसाधारणपणे सोडवता येत नाही. फुकट काही मिळत नाही. पण शाळेच्या कामाला हा मार्ग उत्तम आहे, आणि तो इतक्या कमी साधनांत का असावा हे मला कोडेच आहे.

गेल्या काही वर्षांत प्रश्न निकडीचा झाला आहे तो साधने खिशात आल्यामुळे. डेस्मॉस, जिओजेब्रा, पायथन हे सगळे फोनवर चालतात, वर्गात पडद्यावर आलेख दिसतो आणि शिक्षक म्हणतात, बघा, कुठे जातो आहे. पूर्वी लॉग टेबलातून चार किंमती काढताना हाताला थकवा यायचा आणि कोणी ०.००१ च्या पलीकडे जात नसे. आळसाने आपल्याला घसरणीपासून वाचवले. आता 10⁻¹² टाकायला ०.१ इतकाच वेळ लागतो. e च्या व्याख्येचे बघा. (1 + 1/n)ⁿ मध्ये n = 10¹² घातला की २.७१८५२ येते, पाचव्या अंकाशीच ते खऱ्या २.७१८२८ पासून फुटलेले. 10¹⁴ ला २.७१६११, 10¹⁵ ला ३.०३५ आणि 10¹⁶ ला १. जो विद्यार्थी n मोठा केला की e अधिक पक्का मिळेल या भरवशावर थेट 10¹⁵ घालतो, त्याला e ची किंमत ३ च्या वर मिळते. इथे दोष घाताचा नाही, बेरजेचा. १ मध्ये 10⁻¹⁵ मिळवले की यंत्र १ च्या वरच्या पायऱ्यांपैकी जवळची निवडते, आणि मिळवलेला तुकडा 1.11 × 10⁻¹⁵ होतो. मग n ने तो पुन्हा मोठा केला, आणि यंत्राने e¹ ऐवजी e चा १.११ वा घात अगदी चोख काढून दिला. उपाय जुनाच: 1 + t मांडायचेच नाही, log1p नावाचे फलन वापरायचे, जे t वरून थेट ln(1 + t) काढते. exp(n*log1p(1/n)) हे 10¹⁶ लाच काय, 10¹⁰⁰ लाही e देते.

या पुस्तकात मी अशी मोजकी लिमिट घेतली आहेत, बहुतेक अकरावी ते पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतची, आणि प्रत्येकाबरोबर बराच वेळ काढला आहे. तेच लिमिट कागदावर, लॉग टेबलावर, दहा अंकी यंत्रावर आणि संगणकावर. मधल्या पायऱ्या कुठेही गाळलेल्या नाहीत, कारण चूक मधल्या पायरीतच जन्मते आणि शेवटच्या ओळीत दिसते. राउंडिंगचा सामान्य सिद्धान्त इथे पूर्ण नाही. सारण्या आणि विकलक समीकरणे यांच्यातल्या चुका हा वेगळा, मोठा विषय आहे. तसेच जी फसवणूक राउंडिंगची नाही तिला मी जाणून बाजूला ठेवले आहे. sin(π/x) मध्ये ०.१, ०.०१, ०.००१ घालून लिमिट शून्य ठरवणारा माणूस यंत्रामुळे चुकत नाही, बिंदू निवडण्यात चुकतो. अमर्याद अंक दिले तरी तो चुकेलच.

वाचकाने पुस्तक हातात घेताना यंत्र जवळ ठेवावे आणि संशय आला की काही साध्या गोष्टी करून पाहाव्यात. सर्वांत आधी, सबंध सूत्राची किंमत न बघता वजाबाकी एकटी काढून पाहावी. 1 − cos x चे सोळा अंकांऐवजी एक-दोनच अर्थपूर्ण अंक उरले असतील, किंवा x थोडा हलवला तरी ती जागची हलत नसेल, तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. दुसरे, दहाचे घात सोडून वाकड्या किंमती घ्याव्यात, ०.००००१२ आणि ०.००००१३ सारख्या शेजारच्या. गुळगुळीत फलन शेजारच्या बिंदूंवर शेजारच्याच किंमती देते. यंत्राचे दात मात्र लगेच उघडे पडतात. तिसरे, x दहापट लहान करत जावे आणि उत्तरांमधले फरक लिहावेत. आधी ते शंभरपट कमी होत जातील, मग एका ठिकाणी थांबून शंभरपट वाढू लागतील. तो वळणबिंदू ओळखता आला की त्याच्या अलीकडचे उत्तर घ्यावे आणि पलीकडचे सोडून द्यावे, मग ते शून्यासारखे कितीही स्वच्छ दिसो.

तरीही एक अडचण उरते, आणि पुस्तकाचा शेवटचा भाग तिच्यासाठीच आहे. दोन सूत्रे सारखी आहेत हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच सूत्र बदलता येते. (1 − cos x)/x² साठी अर्ध्या कोनाचे सूत्र होते. एखाद्या प्रयोगातून आलेल्या, सूत्र नसलेल्या फलनासाठी तशी सोय नाही. तिथे थोड्या दूरच्या, विश्वासार्ह बिंदूंवरच्या किंमती घेऊन त्यांच्यातून लिमिटचा अंदाज बांधावा लागतो. x आणि x/2 वरची उत्तरे घेतली, दुसऱ्याच्या चौपटीतून पहिले वजा केले आणि तीनने भागले की x² ची चूक आपोआप कटते. आपल्या फलनासाठी ०.२ आणि ०.१ या दोनच किंमतींवरून हे केले तर ०.४९९९९९४ मिळते. ०.१ पेक्षा जवळ जावेच लागत नाही.